गृहकर्जाचे मंजुरीपत्र कसे वाचावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे मुख्यतः भारतातील बँकांच्या गृहकर्जांविषयी आहेत. हिशेब समजण्यासाठी सर्वत्र एकच काल्पनिक उदाहरण घेतले आहे : कर्ज ४० लाख रुपये, मुदत २० वर्षे म्हणजे २४० हप्ते, व्याजदर ‘रेपो दर ५.२५ टक्के अधिक स्प्रेड २.७५ टक्के’ म्हणजे एकूण ८ टक्के, आणि मासिक हप्ता ३३,४५८ रुपये.

मंजुरीपत्र हाती आले म्हणजे कर्ज मिळाले असे समजावे का?

नाही. बँक काही अटींवर कर्ज द्यायला तयार आहे, एवढेच मंजुरीपत्र सांगते. मालमत्तेच्या मालकीहक्काची कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, बिल्डरचे किंवा सोसायटीचे नाहरकत पत्र आणि स्वतःचा हिस्सा आधी भरल्याची पावती या गोष्टी पूर्ण झाल्यावरच रक्कम वितरित होते. पत्राला वैधतेची मुदत असते आणि ती उलटली की बँक नव्याने पडताळणी मागू शकते. ‘वितरणाच्या दिवशी लागू असलेला व्याजदर आकारला जाईल’ हे वाक्यही बहुतेक पत्रांत सापडते. म्हणून पत्रावर छापलेला ८ टक्के हा आकडा मंजुरीच्या दिवसाचा आहे हे लक्षात ठेवावे. बिल्डरला विसार देण्याची घाई असणाऱ्यांनी कायदेशीर तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबलेले बरे, कारण तो प्रतिकूल आला तर मंजुरीपत्राचा उपयोग राहत नाही आणि विसाराची रक्कम अडकते.

मंजुरीपत्रासोबत ‘केएफएस’ नावाचे वेगळे विवरणपत्र दिले आहे. ते कशासाठी?

रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी कर्जाच्या मुख्य तथ्यांचे हे विवरणपत्र कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के, सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर म्हणजे एपीआर, आणि हप्त्यागणिक मुद्दल व व्याज किती याचा तक्ता असतो. सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आणि त्या काळात कर्जदाराने होकार दिला तर बँक त्यातील अटींना बांधील राहते.

यातली सर्वांत उपयोगी तरतूद अशी की, जे शुल्क या विवरणपत्रात नमूद नाही ते कर्जाच्या मुदतीत कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. त्यामुळे मंजुरीपत्र आणि केएफएस शेजारी ठेवून वाचावेत. मंजुरीपत्रात ‘बँकेच्या वेळोवेळीच्या धोरणानुसार इतर शुल्क’ असे मोघम वाक्य असेल आणि केएफएसमध्ये त्याचा आकडा नसेल, तर सही करण्यापूर्वी तो लेखी मागावा.

‘रेपो दर अधिक २.७५ टक्के’ याचा नेमका अर्थ काय?

हा तरता, म्हणजे फ्लोटिंग दर आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो. तो रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती ठरवते आणि त्यावर तुमच्या बँकेचे काही चालत नाही. मे २०२२ मध्ये वाढ सुरू होण्यापूर्वी तो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर गेला आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने उतरत डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. वीस वर्षांच्या कर्जात असे चढउतार अनेकदा होणार हे धरूनच चालावे.

दुसरा भाग स्प्रेड. तो बँक ठरवते, आणि दोन बँकांमध्ये तुलना करायची ती याच भागाची, कारण रेपो दर सगळ्यांना सारखाच असतो. स्प्रेडमध्ये कर्जदाराच्या पतजोखमीचा अंश असतो आणि बँकेच्या खर्चाचाही. पतजोखमीचा अंश बँकेला मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. करारात ठरल्याप्रमाणे कर्जदाराच्या पतमूल्यांकनात लक्षणीय बदल झाला तरच तो बदलता येतो. बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदा बदलता येतात, आणि ऑक्टोबर २०२५ पासून कर्जदाराच्या फायद्यासाठी ते त्याआधीही कमी करण्याची मुभा बँकांना आहे. पत घसरली असे केव्हा मानायचे, याची व्याख्या मंजुरीपत्रात शोधावी. काही पत्रांत ‘क्रेडिट स्कोअर अमुक आकड्याखाली गेल्यास’ असे स्पष्ट लिहिलेले असते. तसे असल्यास क्रेडिट कार्डाचे थकलेले बिल गृहकर्जाचा दर वाढवू शकते.

तिसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पुनर्निर्धारणाची तारीख. रेपो दर बदलला की तुमचा दर त्याच दिवशी बदलतो असे नाही. तीन महिन्यांतून किमान एकदा तो नव्याने ठरवावा एवढेच बंधन बँकेवर आहे. ही तारीख वितरणाच्या दिवसापासून मोजायची की तिमाहीच्या पहिल्या दिवसापासून, हे पत्रात लिहिलेले असते. दर घसरत असताना ‘बातमी आली, पण हप्ता तोच’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा याच ओळीत असते.

माझ्या पत्रात रेपोचा उल्लेखच नाही, संस्थेच्या ‘स्वतःच्या आधारदरा’चा आहे. हे चालते का?

ते पत्र कोणी दिले यावर अवलंबून आहे. व्यापारी बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नव्या तरत्या दराच्या किरकोळ कर्जांचा व्याजदर रेपो दर किंवा तशाच बाह्य मानदराशी, म्हणजे बेंचमार्कशी, जोडणे बंधनकारक आहे. नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्या यांना हे बंधन नाही. त्या स्वतः जाहीर केलेल्या दराशी कर्ज जोडू शकतात. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र असा दर रिझर्व्ह बँकेने रेपो कमी केल्यावर उतरेलच याची खात्री नसते, कारण तो केव्हा आणि किती उतरवायचा हे संस्थेचे व्यवस्थापन ठरवते. पाव टक्का स्वस्त दिसणारा असा दर आणि रेपोशी जोडलेला दर यांत निवड करायची असेल, तर लांब मुदतीच्या कर्जासाठी मी दुसऱ्याकडे झुकेन. निदान त्यामागचे गणित बाहेरून तपासता येते.

व्याजदर वाढला तर हप्ता वाढेल की मुदत?

हा प्रश्न बहुतेक जण मंजुरीच्या वेळी विचारत नाहीत, आणि बँक विचारले नाही तर स्वतःच्या सोयीचा पर्याय लावते. तो पर्याय सहसा ‘हप्ता तोच, मुदत वाढवा’ हा असतो, कारण त्यात ग्राहकाला तत्काळ काही जाणवत नाही.

आपल्या उदाहरणात कर्ज सुरू झाल्यावर लगेचच दर ८ वरून ९ टक्के झाला असे समजू. मुदत २० वर्षेच ठेवायची तर हप्ता ३३,४५८ वरून सुमारे ३५,९८९ रुपये होईल, म्हणजे दरमहा अडीच हजारांची वाढ. हप्ता तोच ठेवायचा तर मात्र २४० ऐवजी सुमारे ३०४ हप्ते भरावे लागतील, म्हणजे पाच वर्षे आणि चार महिने जास्त. एक टक्का वाढीने निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांवर कर्ज ढकलले जाऊ शकते. दर १०.०४ टक्क्यांच्या जवळ गेला, तर पूर्ण ४० लाखांवरचे महिन्याचे व्याजच ३३,४५८ रुपये होते, मुद्दल फिटत नाही आणि हप्ता वाढवण्यावाचून मार्ग उरत नाही. २०२२-२३ मध्ये रेपो दर दहा महिन्यांत अडीच टक्क्यांनी वाढला होता, हे पाहता ही शक्यता केवळ कागदी म्हणता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने यावर काही बंधने घातली आहेत. मानदर बदलल्यास हप्ता किंवा मुदत यांवर काय परिणाम होऊ शकतो, हे बँकेने मंजुरीच्या वेळीच सांगायचे असते. दर वाढल्यावर हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, दोन्ही थोडे थोडे करणे किंवा काही रक्कम आधी भरणे, यांतील निवड कर्जदाराची असते. व्याजही भागणार नाही इतकी मुदत ताणून मुद्दल फुगवायला मनाई आहे. शिवाय दर तिमाहीला मिळणाऱ्या विवरणात उरलेल्या हप्त्यांची संख्या द्यावी लागते. मंजुरीपत्रात यांपैकी कोणता पर्याय आपोआप लागू होईल ते पाहावे आणि तो नको असल्यास तेव्हाच लेखी कळवावे. नंतर तिमाही विवरणात हप्त्याच्या रकमेपेक्षा आधी उरलेल्या हप्त्यांचा आकडा वाचावा. मुदत वाढली असल्यास ती तिथेच दिसते.

पत्रात ‘पहिली तीन वर्षे स्थिर दर’ असे लिहिले आहे. म्हणजे कर्ज स्थिर दराचे झाले का?

झाले नाही. हे मिश्र कर्ज आहे : तीन वर्षे स्थिर आणि त्यानंतर तरते. चौथ्या वर्षी लागू होणारा मानदर कोणता आणि त्यावरचा स्प्रेड किती, हे आजच लिहून मिळाले पाहिजे. ‘त्या वेळी प्रचलित असलेल्या दराने’ एवढेच लिहिले असेल तर चौथ्या वर्षाच्या दराबाबत तुमच्या हातात काहीच नाही. पूर्ण मुदतीसाठी स्थिर म्हटलेल्या काही कर्जांतही ठरावीक वर्षांनी दर फेरविचारात घेण्याचे कलम असते. ते पहिल्या पानावर क्वचितच सापडते.

प्रक्रिया शुल्क नेमके कशावर आणि केव्हा आकारले जाते? कर्ज घेतले नाही तर ते परत मिळते का?

ते सहसा मंजूर रकमेच्या ठरावीक टक्क्याने, किमान आणि कमाल मर्यादा लावून आकारले जाते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आपल्या उदाहरणात ०.३५ टक्के शुल्क धरले तर १४,००० रुपये आणि त्यावर २,५२० रुपये कर, एकूण १६,५२० रुपये. गरज ३५ लाखांची असताना ‘असू द्या, पात्रता आहे’ म्हणून ४० लाख मंजूर करून घेतले, तर न उचललेल्या पाच लाखांवरही शुल्क जाते. कर्ज नाकारले गेल्यास किंवा तुम्हीच माघार घेतल्यास काय परत मिळेल, हे पत्रात असतेच असे नाही. अनेक बँका अर्जाच्या वेळी घेतलेला भाग परत करत नाहीत. सणासुदीत ‘प्रक्रिया शुल्क माफ’ अशी जाहिरात असते, तेव्हा कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकनाचे शुल्क त्यात धरले आहे का ते विचारावे, कारण ते बहुधा वेगळे असते.

बँक कर्जासोबत विमा घ्यायला सांगते आणि विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतच धरते. तो सक्तीचा आहे का?

तारण मालमत्तेचा विमा असावा ही बँकेची अट रास्त आहे. कर्जदाराच्या आयुष्याचा विमा उपयोगी असू शकतो, पण तो बँकेने सुचवलेल्या कंपनीकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. आकड्यांत पाहिले म्हणजे हा प्रश्न का महत्त्वाचा ते कळते.

समजा, १,१०,००० रुपयांचा एकरकमी विमा हप्ता कर्जात मिळवला. कर्ज ४१,१०,००० झाले आणि मासिक हप्ता ३४,३७८ रुपये. दरमहा फक्त ९२० रुपयांचा फरक, म्हणून कोणी फारसा आक्षेप घेत नाही; पण २४० महिन्यांत ती रक्कम २,२०,८०० रुपये होते. सर्व खर्च धरून येणारा दरही पाहू. प्रक्रिया शुल्काचे १६,५२० आणि कायदेशीर तपासणी व मूल्यांकनाचे ८,००० रुपये, असा २४,५२० रुपयांचा खर्च धरला आणि विमा नसला, तर ८ टक्क्यांच्या कर्जाचा एपीआर सुमारे ८.०८ टक्के येतो. विमा कर्जात मिळवल्यावर तोच सुमारे ८.४५ टक्के होतो. दोन्ही मंजुरीपत्रांवर व्याजदर मात्र ८ टक्केच छापलेला असतो. मुद्रांक शुल्क या हिशेबात धरलेले नाही.

एपीआर पाहण्याचा खरा फायदा इथे आहे. दोन बँकांचे दर सारखे आणि एपीआर वेगळे असतील, तर फरक कुठे दडला आहे हे केएफएसमधील ‘त्रयस्थ संस्थेला देय’ या रकान्यात शोधावे. विमा आधीच उतरवला गेला असेल तरी पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या फेरविचार काळात ती परत करता येते. तशी मागणी विमा कंपनीकडे लेखी करावी आणि परत आलेली रक्कम कर्जखात्यात जमा झाली का, तेही तपासावे.

महाराष्ट्रात याखेरीज कोणते सरकारी खर्च येतात?

मालकीहक्काची मूळ कागदपत्रे बँकेकडे ठेवून गहाण निर्माण होते, त्यावर राज्याचे मुद्रांक शुल्क लागते, आणि अशा गहाणाची सूचना, जिला बँकेत सर्रास ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ म्हणतात, ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. हा खर्च कर्जदाराचा आणि तो घरखरेदीच्या मुद्रांक शुल्काव्यतिरिक्त असतो. दाखल करण्याचे काम एजंटाकडून करवून घेतल्यास सरकारी पावतीवरील रक्कम आणि एजंटाची फी वेगवेगळी लिहून घ्यावी. मालमत्तेवरील बोज्याची केंद्रीय नोंद, म्हणजे सेरसाई, हिचे मूळ शुल्क पाच लाखांवरील कर्जाला अवघे १०० रुपये आहे. त्या नावाखाली हजारांत आकडा दिसला तर विचारणा करावी.

मुदतीपूर्वी रक्कम भरली तर दंड लागतो का?

व्यक्तीने घर, शिक्षण अशा बिगरव्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या तरत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारता येत नाही. बँकांच्या तरत्या दराच्या गृहकर्जांना हे २०१२ पासूनच लागू आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २ जुलै २०२५ रोजी सविस्तर निर्देश दिले. त्यांनुसार रक्कम अंशतः भरली की पूर्ण, ती स्वतःची की दुसऱ्या बँकेकडून कर्ज हलवून आणलेली, याने फरक पडत नाही, आणि ‘पहिली अमुक वर्षे भरता येणार नाही’ अशी अटही घालता येत नाही. बिगरव्यावसायिक कर्जांबाबत सहकारी बँका आणि वित्त कंपन्याही यातून सुटत नाहीत.

स्थिर दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी. तिथे बँक आपल्या धोरणानुसार शुल्क घेऊ शकते, मात्र ते भरलेल्या रकमेवरच मोजावे लागते आणि केएफएसमध्ये आधी सांगितलेले असावे लागते. मिश्र कर्जात पैसे भरण्याच्या दिवशी कर्ज कोणत्या टप्प्यात आहे ते पाहतात. स्थिर टप्प्यात पाच लाख भरले आणि शुल्क २ टक्के असेल, तर १०,००० रुपये आणि त्यावर १,८०० रुपये कर जाईल. स्थिर टप्पा संपायला दोन महिने उरले असतील तर थांबणे शहाणपणाचे ठरू शकते.

शुल्क नसले तरी एक निर्णय उरतो आणि त्याचा परिणाम शुल्कापेक्षा मोठा असतो. आपल्या उदाहरणात दर ८ टक्केच राहिला, तर तीन वर्षांनी सुमारे ३७.२५ लाख शिल्लक राहतील. तेव्हा पाच लाख भरून हप्ता तोच ठेवला, तर उरलेले २०४ हप्ते सुमारे १५५ वर येतात आणि साधारण साडेअकरा लाखांचे व्याज वाचते. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो सुमारे २८,९६७ रुपये होतो, पण व्याजाची बचत चार लाख सोळा हजारांच्या आसपास राहते. ज्यांना दरमहाची ओढाताण आहे त्यांच्यासाठी दुसरा पर्यायही योग्यच आहे. फक्त पैसे भरताना अर्जावर आपला पर्याय लिहावा आणि सुधारित तक्ता मागून घ्यावा.

दुकानासाठी किंवा व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जालाही हेच लागू आहे का?

अंशतः. २०२६ पासूनच्या कर्जांसाठी व्यक्ती आणि सूक्ष्म व लघु उद्योगांच्या तरत्या दराच्या व्यवसाय कर्जांवर व्यापारी बँका आणि चौथ्या स्तरातील, म्हणजे दहा हजार कोटींहून अधिक ठेवींच्या, नागरी सहकारी बँका हे शुल्क घेऊ शकत नाहीत. लघुवित्त बँका, प्रादेशिक ग्रामीण बँका आणि तिसऱ्या स्तरातील नागरी सहकारी बँका यांच्यासाठी ही सूट ५० लाखांपर्यंतच्या मंजूर मर्यादेपुरती आहे. लहान सहकारी बँका या व्यवसाय कर्जांच्या तरतुदीत येत नाहीत. म्हणून घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या पत्रात ‘कर्जाचा हेतू’ या ओळीत काय लिहिले आहे ते जरूर पाहावे.

हप्ता चुकला तर काय आकारले जाते?

दोन वेगळ्या गोष्टी असतात : खात्यात पैसे नसल्याने परत गेलेल्या हप्त्याचे ठरावीक शुल्क, आणि उशिरासाठीचा दंड. नव्या कर्जांसाठी १ एप्रिल २०२४ पासून हा दंड ‘दंडव्याज’ म्हणून मूळ व्याजदरात मिळवता येत नाही, तो शुल्क म्हणूनच घ्यावा लागतो आणि त्यावर पुढे व्याज चढवता येत नाही. जुन्या नमुन्यावर छापलेल्या पत्रात ‘वार्षिक २ टक्के अतिरिक्त व्याज’ असा मजकूर दिसला, तर तो दुरुस्त करून मागावा.

व्याज कोणत्या दिवसापासून सुरू होते?

रक्कम प्रत्यक्ष वितरित झाल्यापासून. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून नव्हे. बांधकाम सुरू असलेल्या घराला रक्कम टप्प्याटप्प्याने जाते आणि तोवर वितरित भागावरचे फक्त व्याज भरावे लागते, ज्याला प्री-ईएमआय म्हणतात. त्या काळात मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही, आणि ताबा लांबला की हा काळही लांबतो. पूर्ण हप्ता लगेच सुरू करण्याचा पर्याय पत्रात असेल आणि घरभाड्याचा बोजा पेलत असेल, तर त्याचा विचार करावा.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे केव्हा मिळतात?

पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत बँकेने कागदपत्रे परत करून बोजा उतरवायचा असतो आणि तिच्यामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची असते. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या मंजुरीपत्रात ही मुदत आणि कागदपत्रे कोणत्या ठिकाणी मिळतील हे लिहिणे आवश्यक आहे. शाखा लहान असेल तर कागदपत्रे दुसऱ्या शहरातल्या केंद्रात ठेवलेली असू शकतात, म्हणून ही ओळ रिकामी सोडू देऊ नये. जमा करताना प्रत्येक दस्ताचे नाव, क्रमांक आणि पानांची संख्या लिहिलेली, बँकेच्या सहीशिक्क्याची पोच घ्यावी. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते, आणि तिथे मंजुरीपत्र, केएफएस व ही पोच यांच्या प्रती जोडाव्यात.